‘इन मेडियास रेस’ आणि गाइडातलं ते एक वाक्य

जळगाव-धुळ्याकडं मराठी माध्यमातून शिकून एम.ए. इंग्रजीला आलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. ‘इन मेडियास रेस’ म्हणजे गोष्ट मधूनच सुरू करणं, हे तुम्हाला ठाऊक असतंच. पण गाइडात पुढं लिहिलेलं असतं, ‘फ्लॅशबॅक आला की हे तंत्र समजावे.’ माझे मार्क याच वाक्यानं खाल्ले. ते खोडून टाका.

‘इलियड’ बघा. ट्रॉयच्या युद्धाचं दहावं वर्ष चालू आहे आणि काव्य उघडतं ते अकिलीस-ॲगमेम्नॉनच्या भांडणावर. हेलनला पळवून नेल्याची कथा कुणी बैजवार सांगत बसत नाही, कारण ऐकणाऱ्यांना ती माहीत आहे असं धरलंय. रोमन कवी होरेस होमरचं कौतुक करतो ते यासाठीच: हेलन ज्या अंड्यातून जन्मली, तिथपासून त्यानं युद्धाची गोष्ट सुरू केली नाही. म्हणजे मोठा फ्लॅशबॅक नाही, तरी तंत्र हेच.

आता उलटं बघा. आपल्या सांगवीच्या नेमाड्यांची ‘कोसला’. पांडुरंग पंचविसाव्या वर्षी सांगायला बसतो आणि लहानपणापासून पुढं येतो. सगळं मागचंच, तरी हे ते तंत्र नव्हे. मध्येच उघडून पुढं सरकणारा प्रसंग तिथं नाही.

खरी ओळख ‘ओडिसी’त पटते. युद्धाची दहा वर्षं, परतीची दहा. काव्य उघडतं ते अगदी शेवटाला. इथाकेत नायक ओडिसियसच्या बायकोला मागणी घालणारे त्याचं घर खाऊन संपवतायत, आणि तो स्वतः पाचव्या सर्गापर्यंत दिसतच नाही. दिसतो तेव्हा कॅलिप्सोच्या बेटावर सात वर्षं अडकलेला, समुद्राकडं बघत रडणारा. एकडोळ्या राक्षस, सर्सी वगैरे तो स्वतः अल्किनोस राजाच्या घरी सांगतो, नऊ ते बारा या सर्गांत. ऐकून यजमान भेटी वाढवतात, तेराव्यात त्याला जहाजानं घरी पोचवतात. म्हणजे मागची गोष्टसुद्धा चालू गोष्टीला रेटा देते. उरलेलं अर्धं काव्य इथाकेत घडतं. वहीत दोन रकाने पाडा: घडलं कधी, सांगितलं कुठल्या सर्गात. पेपरात हेच लिहायचं असतं.

‘नववा सर्ग आधी वाच, सोपा आहे’ असं सांगणारे सीनियर भेटतील. ऐकू नका. पहिले चार सर्ग नायकाविना रटाळ वाटतील, वाटू द्या; तुम्ही काही कमी पडत नाही.

कादंबरीत हेच बघायचं तर जुन्या ग्रीक लेखक हेलिओडोरसची ‘एथिओपिका’ चाळा. नाईलच्या मुखाशी पहाटे लुटारू खाली बघतात: मालानं भरलेलं जहाज, त्यावर माणूस नाही, किनाऱ्यावर मेजवानीच्या पसाऱ्यात प्रेतं, आणि जखमी तरुणाशेजारी बसलेली मुलगी. काय झालं ते लुटारूंना कळत नाही, आपल्यालाही नाही. उलगडा कलासिरिस नावाचा म्हातारा बराच पुढं करतो, तोवर ही दोघं नव्या संकटात असतात.