दोन फोन, एक तबला आणि दोन टाळ्या

आमच्या गुरुजींचं तीनतालातलं वादन मी पहिल्यांदा दोन फोनवर टिपलं. एक फोन समोर, दुसरा स्टुलाला बांधलेल्या काठीवरून थेट हातांवर रोखलेला. वादन बावीस मिनिटांचं झालं. सुरुवातीला मारलेली टाळी मी एडिटिंगमध्ये जुळवली, पहिले दोन-तीन कट छान बसले आणि मी निर्धास्त झालो. गुरुजींना दाखवलं तेव्हा शेवटाकडे ते म्हणाले, "अरे, तिहाई समेवर आली, पण बोट अजून वरच आहे." खरंच, वरच्या फोनचं चित्र मागे पडलं होतं. तबल्यात हे लगेच कळतं, कारण 'ना' वाजताना बोट किनारीवर दिसलंच पाहिजे.

म्हणून नव्यांना मी आधी हेच सांगतो: टाळी दोनदा मारा, सुरुवातीला आणि शेवटी. दोन्ही वेळा दोन्ही फोनच्या चौकटीत तळहात दिसले पाहिजेत. वरच्या फोनला फक्त तबला-डग्गा दिसत असेल, तर टाळी तबल्याच्या वरच मारायची. दोन्ही फोन शेवटपर्यंत चालू ठेवायचे. मधे एखादा थांबला, तर तो पुन्हा सुरू करून नवी टाळी. फोन आल्यावर रेकॉर्डिंग तुटू नये म्हणून फ्लाइट मोड लावून घ्यायचा.

एडिटिंगला बसल्यावर आधी पहिली टाळी जुळवायची. आवाजाच्या आलेखात टाळीचा उभा सुळका दिसतो, दोन्ही फोनचे सुळके एकाखाली एक आणायचे. डाव्हिंची रिझॉल्व्हसारखी सॉफ्टवेअर आवाजावरून हे आपोआपही करतात, तरी एकदा डोळ्यांनी पाहावं. मग थेट शेवटच्या टाळीवर जायचं. तिथेही सगळं जुळलं, तर काम झालं.

माझ्या त्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटच्या टाळीला दोन्ही आवाजांचे सुळके जुळत होते, पण वरच्या फोनमधले तळहात नऊ फ्रेम उशिरा एकत्र येत होते. सेकंदाला तीस फ्रेमच्या हिशेबाने हा फरक 0.3 सेकंदांचा. म्हणजे आवाज बरोबर होता, चित्र घसरत गेलं होतं. फोनच्या घड्याळांतही बारीक फरक असतो, पण त्याने आवाजही घसरला असता, आणि वीस-बावीस मिनिटांत तो सहसा एक-दोन फ्रेमपलीकडे जात नाही.

खरं कारण मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये सापडलं. फाइल उघडल्यावर `Frame rate mode` पुढे `Variable` लिहिलं होतं. वरचा फोन गुरुजींच्याच सावलीत होता. उजेड कमी पडला की बरेच फोन जास्त प्रकाश घेण्यासाठी फ्रेमचा वेग स्वतःच उतरवतात, तीसवरून चोवीसपर्यंतही. फोन प्रत्येक फ्रेमची वेळ फाइलमध्ये नोंदवतो, म्हणून फोनवर व्हिडिओ बरोबर चालतो. मात्र काही एडिटिंग सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम समान अंतरावर आहेत असं धरतात आणि मग चूक साचत जाते. अशा क्लिपचा वेग ताणून-दाबून जुळवायला जाऊ नका. घसरण सगळीकडे सारखी नसते, शेवट जुळला तरी मधला भाग चुकतो. एडिटिंगआधी ffmpeg या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने फाइलच एकसारख्या वेगाची करून घ्यावी:

```
ffmpeg -i var.mp4 -fps_mode cfr -r 30 -c:v libx264 -crf 18 -c:a copy var_30.mp4
```

ही कमांड फाइलमधल्या वेळा पाहून जिथे फ्रेम कमी आहेत तिथे आधीचीच फ्रेम पुन्हा ठेवते. दोन्ही फोनच्या फाइलींवर ती चालवली आणि शेवटची टाळी एका फ्रेमच्या आत आली. तेव्हापासून मी वरच्या फोनच्या बाजूला एक दिवाही लावतो. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये `Auto FPS` असतं, ते बंद ठेवतो.

दुसरा फोन लांब असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आवाज एका मीटरला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. खोलीत सहा-सात मीटरला अर्ध्या फ्रेमच्या आसपास फरक पडतो, तो सोडून द्यावा. पण सभागृहात मागच्या रांगेत, पस्तीस मीटरवर फोन असेल, तर त्याच्यापर्यंत आवाज तीन फ्रेम उशिरा पोचतो. तिथे आवाजाचे सुळके जुळवले, तर चित्र पुढे पळतं. अशा वेळी तळहात पहिल्यांदा टेकलेली फ्रेम दोन्हीकडे शोधून चित्रावरूनच जुळवावं.

जुळणी झाली की आवाज एकाच फोनचा ठेवायचा, तबल्याजवळच्या. दोन्ही चालू राहिले, तर 'ना'ची धार जाते आणि डग्ग्याची घुमक पोकळ ऐकू येते. लांबच्या फोनचा आवाज मी मात्र पुसत नाही, नुसता बंद ठेवतो. पुढे एखादा कट संशयास्पद वाटला, तर तपासायला तोच लागतो.