बॉटचा नमस्कार कसा तपासायचा

चॅटबॉटच्या टेस्टिंगमध्ये नवीन माणसाला बहुधा आधी स्वागताचा भाग देतात, कारण तो सोपा वाटतो. मी तो वीजबिलाच्या तक्रारी घेणाऱ्या एका बॉटवर केला. मोजकेच संदेश पुरतात. फक्त प्रत्येकापुढे अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवा, नाहीतर बॉट जे म्हणेल तेच बरोबर वाटू लागतं. आणि प्रत्येक संदेश नव्या सेशनमध्ये पाठवा, म्हणजे आधीच्या बोलण्याचा परिणाम होत नाही.

नुसत्या अभिवादनाला थोडक्यात स्वागत आणि ‘काय मदत हवी?’ एवढंच हवं. आमचा बॉट `नमस्कार` ओळखायचा, `नमस्ते` मात्र नाही. नियम पायथनमध्ये होता:

```python
re.search(r"\bनमस्ते\b", text)
```

पायथनचं `re` मात्रेला अक्षर धरत नाही. शब्दाची सीमा शोधणाऱ्या `\b` ला त्यामुळे ‘ते’च्या मात्रेनंतर शब्द संपल्याचं कळतच नाही. ‘नमस्कार’च्या शेवटी मात्रा नाही, म्हणून तो सुटतो. एकच शब्द तपासून थांबू नका, ते यासाठी.

खरी गंमत मिश्र भाषेत आहे. `hi सर, bill अजून आलं नाही` याला बॉटने स्वागताचा मेनू दाखवला आणि तक्रार गिळून टाकली. अशा वेळी तोच संदेश `hi सर` काढून पुन्हा पाठवायचा. आता बिलाबद्दल नीट उत्तर आलं, तर बॉटला तक्रार कळते, पण स्वागताचा नियम मध्ये येतो. मग मी `bill ajun aala nahi` पाठवलं. यात अभिवादन कुठेच नाही, तरी पुन्हा स्वागत! नियम `hi` ही अक्षरं कुठेही शोधत होता आणि ती `nahi` मध्ये सापडत होती. `mahiti` आणि `kahi` मध्येही सापडतात. म्हणजे रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्या बहुतेक तक्रारदारांचं नुसतं स्वागतच होत राहणार. त्यामुळे अभिवादन नसलेले असे दोन-तीन संदेश यादीत हवेतच.

इमोजीत 🙏 पुरेसा आहे, पण दोन जागी पाठवा. सुरुवातीला तो नमस्कार असतो. काम झाल्यावर आपल्याकडे तो आभार असतो, तेव्हा पुन्हा मेनू येता कामा नये. 🙏🏽 सुद्धा पाठवून बघा. त्वचेच्या रंगाचं चिन्ह वेगळं जोडलेलं असतं, त्यामुळे हुबेहूब जुळणी शोधणारा नियम तिथे चुकतो.

शांततेचे दोन प्रकार. नुसती स्पेस पाठवली, तर एरर दिसू नये. खिडकी उघडून काहीच लिहिलं नाही, तर एकदा स्वागत, फार तर एक आठवण, मग गप्प. हे बघायला घड्याळ लावून खरंच बसावं लागतं. आमच्याकडे आठवणीचा टायमर उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा सुरू होत होता, आणि पहिल्याच आठवणीनंतर खिडकी बंद करणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं.