इंटर्नशिप रिपोर्टचं इंट्रोडक्शन कसं जुळवलं (माझा अनुभव)

प्रोजेक्टचा प्रश्न होता, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीनंतर पान किती तास ओलं राहिलं की डाऊनी रोगाचे डाग दिसतात. ड्राफ्टमधे एकेका पेपरचा एकेक पॅरा होता, अमक्याने हे केलं तमक्याने ते केलं, आणि गाईड म्हणाले यातून प्रश्न कुठे निघतोय?

मग एक कागद घेऊन उभे तीन कॉलम पाडले, काय मोजलं, कुठल्या हवामानात, आणि माझ्या प्रश्नाचं काय उरलं. पेपर लेखकाप्रमाणे न लावता मुद्द्याप्रमाणे लावले, आधी तापमान आणि पाऊस, मग पानाचा ओलावा. तिथेच गंमत दिसली. डाऊनी कधी लागेल याचा युरोपात जुना १०-१०-१० नियम आहे, म्हणजे तापमान १० अंशांच्या वर, वेलीची नवी फूट १० सेंमी आणि पाऊस १० मिमी. पण आपल्याकडे ऑक्टोबरात तापमान बहुतेक १० च्या वरच असतं, मग ती अट चाळणी म्हणून कामाचीच नाही, आणि पाऊस नसला तरी दवाने पान ओलं होतंच. बस, गॅप हीच, आणि पुढचंच वाक्य म्हणजे प्रश्न.

"यावर कुणीच काम केलेलं नाही" असलं मात्र लिहू नका, व्हायवात पहिलं तेच पकडतात, त्यापेक्षा "मी वाचलेल्या पेपरांत दवाचे तास वेगळे मोजलेले नाहीत" एवढंच लिहा. शेवटी प्रश्नातला प्रत्येक शब्द अधोरेखित करून तो रिव्ह्यूमधे आधी आलाय का बघितलं, तर द्राक्षाच्या एक्सपोर्टचा अख्खा पॅरा उडाला (जीव तुटला जरा, छान लिहिला होता).