स्क्रीनशॉटचं डोकं आणि पाय छाटण्याआधी

समजा, अँड्रॉइड फोनवर जीबोर्डमध्ये मराठी कसं सुरू करायचं हे दाखवणारी दोन पानांची पुस्तिका करायची आहे. त्यासाठी पाच चित्रं लागतील: भाषांचं पान, कीबोर्ड जोडण्याची यादी, मराठीचे मांडणीचे पर्याय, प्रत्यक्ष मराठीत टाइप होत असलेली नोंद आणि काम झाल्यावर कीबोर्ड बंद करणं. यातल्या प्रत्येक चित्राच्या माथ्यावर घड्याळ, नेटवर्कचे दांडे, बॅटरी आणि कुठल्या कुठल्या अ‍ॅपची बारीक चिन्हं येणार, ही स्टेटस बार. तळाशी मागे, होम आणि अलीकडची अ‍ॅप्स ही तीन बटणं येणार. दोन्ही पट्ट्या कापायच्या, पण कात्री चालवण्याआधीच निम्मं काम होतं.

आधी ठरवा की कुठल्या चित्रातली पट्टी कापायची नाही. आपल्या उदाहरणात पाचवं चित्र तसं आहे. कीबोर्ड उघडा असताना तळाच्या पट्टीतला मागे जाण्याचा बाण खाली वळतो, आणि कीबोर्ड मिटवायला तोच दाबायचा असतो. ते बटण कापून टाकलं आणि खाली ‘हा बाण दाबा’ असं लिहिलं, तर वाचणारा बाण शोधत बसेल. वरून सूचनांचा पडदा ओढायला सांगणाऱ्या चित्राचंही तसंच. ब्राउझरमधली पायरी दाखवत असाल तर पत्त्याची ओळ मात्र कधीच छाटू नका. ती स्टेटस बारला लागून असते म्हणून घाईत तीही जाते, आणि आपण योग्य साइटवर आहोत की नाही हे ताडायची वाचणाऱ्याची एकमेव खूण नाहीशी होते.

मग फोनची मांडणी ठरवून ती शेवटच्या चित्रापर्यंत हलवायची नाही. नेव्हिगेशनसाठी तीन बटणं ठेवायची की बोट सरकवण्याचे हावभाव, हे सेटिंगमधून बदलता येतं. हावभावांच्या पद्धतीत तळाला नुसती एक आडवी कांडी उरते, त्यामुळे कापायला कमी लागतं असं वाटतं. पण ती कांडी अ‍ॅपच्या मजकुरावर तरंगते. यादीची ओळ तिच्या मागून जाते, आणि कापताना ती ओळ मधोमध चिरली जाते. तीन बटणांची पट्टी जाड असते, पण बहुतेक अ‍ॅपमध्ये तिची हद्द डोळ्याला दिसते. म्हणून कापायचंच असेल तर मी तीन बटणं निवडेन.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे डिस्प्लेचा आकार. सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार आणि डिस्प्लेचा आकार असे दोन वेगळे सरकपट्टे असतात. डिस्प्लेचा आकार वाढवला की फोन आपली घनता, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल धरायचे तो आकडा, बदलतो आणि पट्ट्यांची पिक्सेलमधली उंचीही बदलते. दोन चित्रं काढून झाल्यावर ‘ज्येष्ठांसाठी जरा मोठं दिसू दे’ म्हणून तो सरकवला, तर पहिल्या दोन चित्रांसाठी काढलेलं माप पुढच्या तिन्हींना लागू पडणार नाही. काही फोनमध्ये स्क्रीनचं रिझोल्यूशनही बदलता येतं, तेही तसंच राहू द्या. गडद की उजळ थीम, तेही आत्ताच ठरवा. छापायचं असेल तर उजळच घ्या, गडद पानं शाई पितात.

‘व्यत्यय आणू नका’ सुरू करा. याचा स्टेटस बारशी तसा संबंध नाही, कारण ती जाणारच आहे. पण नव्या निरोपाचा जो तुकडा वरून खाली उतरतो तो स्टेटस बारच्या खाली, थेट अ‍ॅपच्या शीर्षकावर बसतो, आणि कापून तो जात नाही. तरंगते गप्पांचे बुडबुडे असतील तर तेही बंद करा.

आता एक चाचणीचा स्क्रीनशॉट घ्या आणि मोजमाप करा. इथेच बहुतेक लोक अंदाजाने काम भागवतात. अँड्रॉइडमध्ये पट्ट्यांची उंची डीपी या एककात ठरते. एक डीपी म्हणजे 160 घनतेच्या स्क्रीनवरचा एक पिक्सेल. समजा फोन 1080 बाय 2400 पिक्सेलचा आणि 420 घनतेचा आहे. 420 भागिले 160 म्हणजे 2.625. तीन बटणांची पट्टी सहसा 48 डीपी असते, म्हणजे या फोनवर 126 पिक्सेल. स्टेटस बारचं पारंपरिक माप 24 डीपी, म्हणजे 63 पिक्सेल. पण स्क्रीनमध्ये कॅमेऱ्याचं भोक असलेल्या फोनवर हा हिशेब चुकतो, कारण भोकाला जागा द्यायला ही पट्टी जाड केलेली असते. गंमत म्हणजे स्क्रीनशॉटमध्ये भोक दिसत नाही, फक्त जाडी दिसते. त्यामुळे वरचं माप पुस्तकातून घेऊ नका, चित्रावरून घ्या. संगणकावर पेंट किंवा गिंपमध्ये चित्र उघडून कर्सर पट्टीच्या कडेवर नेला की खालच्या कोपऱ्यात पिक्सेलचे आकडे दिसतात. आपल्या नमुन्यात वरचं माप 84 निघालं असं धरू. तर 2400 मधून 84 आणि 126 वजा करून 2190 उरतात. पाचवं सोडून या मालिकेत कापलेलं प्रत्येक चित्र 1080 बाय 2190 असेल.

पट्टीची कड दिसतच नसेल तर? अँड्रॉइड 15 पासून त्या आवृत्तीसाठी बनवलेली अ‍ॅप्स आपोआप काठापासून काठापर्यंत पसरतात आणि स्टेटस बार पारदर्शक होते. वर घड्याळ आणि खाली अ‍ॅपचं शीर्षक, दोन्हींमागे एकच रंग. अशा वेळी नेमकी कड शोधण्यात वेळ घालवू नका. घड्याळाच्या आकड्यांचा तळ आणि शीर्षकाचा माथा यांच्यामधली कुठलीही रेषा चालते, फक्त ती पाचही चित्रांत एकच हवी. तळाशी अशी सूट नाही, कारण बटणांमागे यादीची ओळ धूसर दिसत असते. म्हणून स्क्रीनशॉट घेण्याआधीच यादी थोडी सरकवून एखादी ओळ पट्टीच्या बरोबर वर संपेल अशी ठेवा. भाषांच्या लांबलचक यादीत हे करावंच लागतं, नाहीतर शेवटचं नाव अर्धं कापलं जातं.

सॅमसंगच्या फोनवर असाल तर प्रगत सुविधांमध्ये स्क्रीनशॉटच्या पानावर स्टेटस आणि नेव्हिगेशन बार लपवण्याचं बटण असतं. ते चालू केलं की फोनच दोन्ही पट्ट्या वगळून चित्र जतन करतो. मोजणी वाचते, पण पाचव्या चित्रासाठी ते बंद करायला विसरू नका. तिथेच स्क्रीनशॉट पीएनजी की जेपीजी हेही निवडता येतं. निवड हाती असेल तर पीएनजी घ्या. जेपीजी कापून पुन्हा जतन केलं की अक्षरांच्या कडांना, विशेषतः लाल-निळ्या बटणांवरच्या, मळकट ठिपके येतात.

मूळ चित्रं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि कापलेली दुसऱ्यात जाऊ द्या. संगणकावर इमेजमॅजिक हा आज्ञा लिहून चित्रं कापणारा प्रोग्रॅम असेल तर पाच काय, पन्नास चित्रं एका आज्ञेत होतात:

```
mkdir cut
magick mogrify -path cut -crop 1080x2190+0+84 +repage *.png
```

पहिले दोन आकडे उरणाऱ्या चित्राचे, नंतरचे दोन डावीकडून आणि वरून किती सोडायचं त्याचे. `-path cut` गाळलंत तर मूळ फायलींवरच कात्री चालते. `+repage` गाळलंत तर पीएनजीच्या पोटात जुन्या कॅनव्हासचं माप राहतं आणि काही प्रोग्रॅम चित्राभोवती रिकामी जागा दाखवतात. पाचवं चित्र या फोल्डरमध्ये ठेवू नका, ते वेगळं कापायचं आहे: फक्त माथा जाईल आणि ते 1080 बाय 2316 होईल. आडव्या फोनचे स्क्रीनशॉटही बाजूला काढा, कारण फोन आडवा झाला की तीन बटणं बाजूच्या कडेला जातात. सरकवत घेतलेला लांब स्क्रीनशॉटही वेगळा, त्याची उंचीच निराळी असते.

फोनवरच कापायचं असेल तरी चालेल, पण बोटाने ओढलेली रेषा दर वेळी चार-सहा पिक्सेल इकडेतिकडे होते. एकच चित्र असेल तर कुणाला कळत नाही. पाच चित्रं एकामागून एक सरकवली की शीर्षक उड्या मारताना दिसतं. आणि जतन करताना मूळ फाइलवर लिहिण्यापेक्षा नवी प्रत करा. मार्च 2023 मध्ये उघड झालेला पिक्सेल फोनचा दोष आठवा: त्यांच्या मार्कअप या स्क्रीनशॉट कापण्याच्या साधनात कापलेलं चित्र जुन्या फाइलवरच लिहिलं जाई, पण फाइल आखूड केली जात नसे. जुन्या चित्राचा शेपटाकडचा मजकूर तसाच राही आणि त्यातून कापलेला भाग पुष्कळसा परत मिळवता येई. त्या महिन्याच्या सुरक्षा अद्यतनात तो दुरुस्त झाला, पण त्याआधी पाठवलेली चित्रं तशीच राहिली. घड्याळाची पट्टी परत मिळाली तर फारसं बिघडत नाही. पण त्याच कात्रीने कुणाचा फोन नंबर कापला असेल तर बिघडतं.

पाचव्या चित्रात आपण वरची पट्टी काढली. सूचनांचा पडदा शिकवताना मात्र ती ठेवावीच लागते. तिथे डेव्हलपर पर्यायांत सिस्टीम यूआयचा डेमो मोड सापडतो का पाहा. तो चालू केला की पट्टी नीटनेटकी दिसते: ठरावीक वेळ, पूर्ण नेटवर्क, पूर्ण बॅटरी आणि बाकीची चिन्हं गायब.

कापून झाल्यावर तपासणी पांढऱ्या पानावर करू नका, राखाडी पार्श्वभूमीवर करा. पांढऱ्यावर पांढऱ्या स्क्रीनची कडच दिसत नाही. चित्र चारपट मोठं करून वरची आणि खालची कड पाहा. वेगळ्या रंगाची एक-दोन पिक्सेलची केसासारखी रेघ दिसली तर त्या बाजूचं कापायचं माप तेवढं वाढवा आणि सगळी मालिका पुन्हा कापा, एकटं चित्र नाही. पट्ट्या गेल्यावर चित्राला कड उरत नाही, म्हणून शेवटी दोन पिक्सेलची फिकट राखाडी चौकट द्या.

छपाईसाठी पिक्सेल कमी करू नका. 5 सेंटिमीटर रुंद ठेवलेलं 1080 बाय 2190 चं चित्र साधारण 10.1 सेंटिमीटर उंच होतं. ए-फोर कागदावर दोन्हीकडे 2 सेंटिमीटर समास सोडला तर 17 सेंटिमीटर उरतात, म्हणजे मध्ये एकेक सेंटिमीटर मोकळं ठेवून तीन चित्रं एका ओळीत बसतात. छापखान्याला फायली व्हॉट्सअ‍ॅपवरून द्यायच्या असतील तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून जोडा. फोटो म्हणून गेलेली चित्रं दाबली जातात आणि इतक्या नेमाने राखलेलं माप तिकडे पोचत नाही.