वार्षिक मूल्यमापनाची बैठक: मार्च महिन्यावरून वर्ष ठरवू नका

मूल्यमापन एप्रिलमध्ये होत असल्याने व्यवस्थापकाच्या डोळ्यांसमोर बहुधा फेब्रुवारी-मार्चच असतात. म्हणून बैठकीपूर्वी ठरलेली उद्दिष्टे, ईमेल आणि नोंदी चाळून प्रत्येक तिमाहीतील किमान एक ठोस घटना लिहून काढावी आणि स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म कर्मचाऱ्याकडून आठवडाभर आधी मागवावा.

समजा, बुटीबोरीच्या एका कारखान्यातील डिस्पॅच सुपरवायझरच्या मार्चमध्ये तीन गाड्या उशिरा सुटल्या. "तुमचे नियोजन कच्चे आहे" असा शेरा मारण्याऐवजी तारखा समोर ठेवून "या दिवशी नेमके काय झाले?" असे विचारावे आणि मग खरोखर गप्प बसावे (हेच सर्वांत अवघड जाते). पॅकिंगकडून माल संध्याकाळी पाचनंतर येत होता असे निघाले, तर दोष एकट्या सुपरवायझरचा उरत नाही. पगारवाढीचा विषय शक्यतो वेगळ्या बैठकीत घ्यावा, कारण आकडा कळल्यावर बाकीचे ऐकले जात नाही.

शेवटी दोन-तीनच कृती दोघांनी मिळून ठरवाव्यात: सुपरवायझर रोज दुपारी तीनला पॅकिंगची स्थिती तपासतील, व्यवस्थापक १५ मेपर्यंत पॅकिंगप्रमुखांशी वेळ निश्चित करतील, आणि जूनअखेर दोघे आढावा घेतील. हे त्याच दिवशी ईमेलने पाठवून कर्मचाऱ्याची लेखी संमती घ्यावी.