जुन्या शुगर मीटरचं रीडिंग लॅबशी जुळत नव्हतं, घोळ कोडचा निघाला

अण्णांचं मीटर जुनं, कोड चिपवालं, म्हणजे स्ट्रिप्सच्या प्रत्येक नवीन डबीसोबत येणारी चिप मीटरमध्ये घालावी लागते, तिच्यावरून मीटरला त्या स्ट्रिप्सचा कोड कळतो. नवीन स्ट्रिप्स आणल्यापासून उपाशीपोटी १९० च्या आसपास दाखवायचं आणि त्याच सकाळी लॅबमध्ये १२८ आलं. बॅटरी बदलली, हात साबणाने धुऊन कोरडे करून बघितलं, दुसरं बोट घेतलं, काही फरक नाही. डोकं फिरायची वेळ आली.

मग स्ट्रिप घातल्यावर स्क्रीनवर क्षणभर येणारा नंबर नीट बघितला, तर तिथे १२ आणि डबीवर छापलेला कोड १७! सात रस्त्याजवळच्या मेडिकलवाल्याने खोका फोडून नुसती डबी दिली होती, चिप खोक्यातच राहिली, आणि मीटरमध्ये जुन्या डबीची चिप तशीच.

परत जाऊन त्याच खोक्यातली चिप मागून आणली. मीटर बंद केलं, जुनी चिप ओढून काढली, नवीन चिप टक् आवाज येईपर्यंत आत दाबली, मग स्ट्रिप घातली. स्क्रीनवर १७ आल्यावर आधी कंट्रोल सोल्यूशनचा, म्हणजे मीटर तपासायच्या ठरावीक साखरेच्या द्रावणाचा, थेंब लावला, आकडा डबीवर दिलेल्या रेंजमध्ये बसला, मगच रक्त. परत लॅबसोबत ताडून बघितलं तर १३४ आणि १२७, एवढा फरक घरच्या मीटरला चालतो.

चिपच नसेल तर आमचं मीटर सरळ एरर देतं, पण चुकीची चिप असली की गुपचूप चुकीचा आकडा दाखवतं, ते जास्त वाईट कारण गोळ्या-इन्सुलिन त्यावरच ठरतं. काही मीटरला चिप नसते, बटण दाबून डबीवरचा नंबर सेट करावा लागतो. जुनी चिप संपलेल्या डबीसोबतच टाकून द्या.