बैठकीच्या व्हॉइस नोटची साफसफाई: आधी पूर्णविराम, मग इंग्रजी

फोंड्यातल्या आमच्या उत्सव समितीचे सचिव बैठकीचा वृत्तांत व्हॉइस नोटने पाठवतात आणि इंग्रजी इतिवृत्त मी लिहिते. आपोआप उतरलेल्या मजकुरात विरामचिन्हंच नव्हती: "मंडपाचं भाडं पंचवीस हजार नाही बावीस आगाऊ पाच देऊया".

यातून दोन अर्थ निघतात. भाडं बावीस हजार, किंवा आगाऊ रक्कम बावीस हजार. मूळ मजकुराची प्रत ठेवून मी तो भाग सावकाश ऐकला. थांबा "पंचवीस हजार"नंतर होता, मग "नाही, बावीस". म्हणजे त्यांनी स्वतःचाच आकडा दुरुस्त केला होता. अशा ठिकाणी मी जुना आकडा काढते आणि शेजारी ध्वनिफितीची वेळ लिहिते, म्हणजे कुणी विचारलं तर लगेच ऐकवता येतं.

"देऊया" हा मात्र नुसता प्रस्ताव. थोडं पुढे "ते सगळ्यांना पटलं" असं आलं, तेव्हाच त्यापुढे "निर्णय" लिहिलं. "पाच" म्हणजे पाच हजार की पाचशे, हे ऐकूनही कळेना. अंदाज न करता सचिवांनाच विचारलं.

भाषांतराला घेतलेली ओळ: "निर्णय: मंडपाचं भाडं 22,000 रुपये, आगाऊ 5,000."